‘मी पडवली’: चुकीच्या शब्दामागचा नियम आणि रात्रीची गोष्ट

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही डिचोलीला राहतो. आमची मुलगी दोन वर्षे दहा महिन्यांची आहे. मी आणि तिचे बाबा तिच्याशी मराठी बोलतो, सासूबाई कोंकणीतून बोलतात. दोन वर्षांची होती तेव्हा ती ‘मी केली’, ‘बाबा गेला’ असं नीट म्हणायची. आता मात्र ‘मी पोळी करली’, ‘बाबा जाला’, ‘होडी पाणीत’, ‘मी वाटी पडवली’, ‘आजीनं गोष्ट सांगली’ असं बोलते. टेबलावरच्या छोट्या पंख्याला ‘पंखी’ म्हणते आणि पोदेराला ‘पोंपोंवाला’. तिच्या बाबांनी हे शब्द वहीत लिहायला घेतले आहेत. त्यांना वाटतं, यात काहीतरी नियम आहे. मला तिच्याच शब्दांची एक गोष्ट रचून तिला झोपताना सांगायची आहे. सासूबाई म्हणतात, चुकीचं बोलणं गोष्टीत घातलं तर ते तोंडात कायमचं बसेल. गोष्ट सांगावी का? आणि सांगायची तर कशी?
— एक आई, डिचोली

गोष्ट जरूर सांगा. सासूबाईंची शंका अगदीच निराधार नाही, पण ती गोष्टीपेक्षा गोष्ट सांगणाऱ्याला अधिक लागू पडते. चुकीचा शब्द गोष्टीतल्या मुलीच्या तोंडी आला आणि त्याच्या पाठोपाठ मोठ्या माणसाच्या तोंडून नेहमीचा शब्द आला, तर मुलीचे काहीही बिघडत नाही. तुम्ही स्वतः दिवसभर कौतुकाने ‘पाणीत’ म्हणू लागलात, तर मात्र तिला जे ऐकायला मिळायला हवे ते मिळेनासे होईल. गोष्ट कशी रचायची हे ठरवण्याआधी तिच्या बाबांच्या वहीतले शब्द नीट पाहायला हवेत, कारण त्यांतला प्रत्येक शब्द एकाच प्रकारे घडलेला नाही.

‘करली’पासून सुरुवात करू. मराठीत घडून गेलेली गोष्ट सांगताना आपण धातूला ‘ल’ जोडतो: बस–बसली, उठ–उठली, हस–हसली, रड–रडली, सांड–सांडली. तुमच्या मुलीने अशी शेकडो वाक्ये ऐकली आणि कोणीही न सांगता त्यांतून तो ‘ल’ वेगळा काढला. एकदा तो हाती आल्यावर तिने तो ‘कर’ला लावला आणि ‘करली’ तयार केले, ‘जा’ला लावला आणि ‘जाला’ तयार केले. आपण ‘केली’ आणि ‘गेला’ म्हणतो ते कोणत्याही नियमाने नव्हे, तर पाठ आहे म्हणून. कर, जा, ये, दे, घे, खा, मर, हो हे धातू आपण दिवसभर वापरतो आणि नेमकी त्यांचीच रूपे वाकडी आहेत. ती टिकली तीही रोजच्या वापरामुळेच, कारण क्वचित कानावर येणारे वाकडे रूप लोक हळूहळू सरळ करून टाकतात. मोठी माणसेसुद्धा बोलताना ‘म्हणाला’च्या जागी सर्रास ‘म्हणला’ म्हणतात, तेव्हा ती तुमच्या मुलीने ‘करली’त केले तेच करत असतात.

यातून तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या काळजीचेही उत्तर मिळते. दोन वर्षांची असताना ती ‘केली’ म्हणत होती, कारण तेव्हा तिच्याजवळ नियम नव्हता. ‘केली’ हा तिच्या लेखी ‘मांजर’ किंवा ‘चेंडू’सारखा एक अखंड, ऐकलेला शब्द होता, त्याचा ‘कर’शी काही संबंध आहे हे तिला ठाऊक नव्हते. मग तिला ‘ल’चा नियम सापडला आणि त्या नियमाने पाठ असलेला शब्द काही काळ मागे ढकलला. म्हणून बाहेरून पाहताना ती मागे गेल्यासारखी दिसते. आपल्याकडच्या जुन्या व्याकरणपरंपरेत सर्वांना लागू होणाऱ्या नियमाला उत्सर्ग आणि त्याला रोखणाऱ्या नियमाला अपवाद म्हणतात, आणि जिथे अपवाद आहे तिथे उत्सर्गाने बाजूला व्हायचे असते. तुमच्या मुलीच्या हाती उत्सर्ग पक्का आला आहे. अपवादाने त्याला दर वेळी अडवावे इतका ‘केली’ हा शब्द अजून तिच्या मनात बळकट झालेला नाही, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकूनच बळकट होतो. म्हणूनच एकाच संध्याकाळी ती एकदा ‘केली’ आणि एकदा ‘करली’ म्हणेल. इंग्रजी बोलणाऱ्या पंचवीस मुलांच्या बोलण्याचा बारकाईने हिशेब मांडणारा एक अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा वाकड्या रूपांच्या जागी सरळ रूप वापरण्याचे प्रमाण मध्यम मानाने शंभरांत अडीच इतकेच निघाले. आकडा इंग्रजीचा आहे, मराठीत तो वेगळा असू शकेल. पण एक संध्याकाळभर तुम्हीही मोजून पाहा. ‘करली’ कानाला खटकते म्हणून लक्षात राहते आणि बरोबर आलेली ‘गेली’, ‘आली’, ‘दिली’ ऐकूनही ऐकू येत नाहीत, असे तुमच्या ध्यानात येण्याची शक्यता बरीच आहे.

आता ‘सांगली’. हा शब्द मला तुमच्या यादीत सगळ्यांत मोलाचा वाटला आणि तो गोव्याच्या घरातच इतका मोलाचा ठरतो. मराठीत ‘सांगितली’ हे रूप आडवळणाचे आहे. कोंकणीत मात्र ‘सांगप’चे ‘सांगलें’ होते, म्हणजे तिथे सरळ नियमच चालतो. आजी ‘आजयेन काणी सांगली’ म्हणते तेव्हा ती शुद्ध कोंकणी बोलते आणि नात ‘आजीनं गोष्ट सांगली’ म्हणते तेव्हा आपल्याला ती मराठीत चुकली असे वाटते. एकच शब्द घरातल्या एका खोलीत बरोबर आणि दुसरीत चूक आहे. सासूबाईंना ‘करली’ खटकते आणि ‘सांगली’ खटकत नाही, असे घडत असेल तर त्याचे कारण हेच असणार.

‘जाला’चे तसेच आहे, पण थोडे जपून पाहावे लागते. कोंकणीत ‘जालें’ म्हणजे ‘झाले’. ‘जेवण जालें’ हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकत असेल. मग तिचा ‘जाला’ आजीकडून आला की नियमातून घडला, हे कसे ओळखायचे? दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे अर्थ: ‘बाबा जाला’ हे ती बाबा दाराबाहेर पडताना म्हणत असेल, तर तो ‘जा’पासून घडवलेला शब्द आहे, ‘भात जाला’ असे म्हणत असेल, तर तो आजीचा. दुसरी म्हणजे भावंडे: नियम एकटा कधी दिसत नाही. ‘जाला’बरोबर ‘येला’, ‘देला’ असेही ऐकू येत असेल, तर तिथे नियम काम करतो आहे, कारण कोंकणीत ‘आयलो’ आणि ‘दिलें’ आहे, ‘येलो’ आणि ‘देलें’ नाही. तिच्या बाबांना सांगा की वहीत नुसता शब्द लिहू नये. तो शब्द कोणत्या प्रसंगी, कोणाशी बोलताना आणि पूर्ण कोणत्या वाक्यात आला, तेही लिहावे. नुसत्या शब्दावरून यातले काहीच कळत नाही.

उरलेल्या शब्दांपैकी ‘पंखी’ आणि ‘पोंपोंवाला’ यांना चूक म्हणण्याचे कारणच नाही. डबा–डबी, सुरा–सुरी, लोटा–लोटी या जोड्यांवरून तिने ‘पंखा–पंखी’ ही जोडी पुरी केली, आणि दूधवाला, भाजीवाला यांच्या रांगेत सायकलवर भोंगा वाजवत पाव आणणाऱ्या पोदेराला बसवले. हे नियम मोठ्यांचेच आहेत. फक्त तो शब्द आधी कोणी केला नव्हता. ‘पाणीत’मध्ये ती वाटीत, गाडीत, बादलीत यांच्यामागून गेली आहे. पाणी, दही, लोणी हे शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे त्यांचे पाण्यात, दह्यात, लोण्यात होते. पण लिंग शब्दाच्या तोंडावर लिहिलेले नसते. शेवटची ‘ई’ तेवढी ऐकू येते, आणि तिने ऐकू आले त्यावर विश्वास ठेवला.

‘पडवली’ हा मात्र गोष्टीचा शब्द आहे. एखादी क्रिया आपोआप होण्याऐवजी कोणीतरी ती घडवली असे सांगायचे असले की मराठीत बरेचदा धातूला ‘व’ जोडतात: बसते–बसवते, हसते–हसवते, भिजते–भिजवते, निजते–निजवते. काही धातू मात्र ‘व’ घेत नाहीत, आतला स्वर बदलतात: पडते–पाडते, मरते–मारते, तुटते–तोडते. तुमच्या मुलीने ‘पड’ला पहिल्या रांगेत बसवले. ती ‘वाटी पडली’ असेही म्हणत असेल, ते कधी म्हणते हे पाहा. वाटी आपोआप पडली की ‘पडली’ आणि तिने मुद्दाम ढकलली की ‘पडवली’, असा भेद ती पाळत असेल, तर ‘पाडली’ हा शब्द हाताशी नसतानाही तिने त्याचे काम नेमके ओळखले आहे असे समजा.

हे नियम आहेत याची खात्री तिच्या बाबांना करून घ्यायची असेल, तर एक जुना मार्ग आहे. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने 1958 साली चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रे दाखवून स्वतः बनवलेले निरर्थक शब्द सांगितले आणि त्यांची पुढची रूपे मुलांकडून काढून घेतली. शब्द नवाच असल्यामुळे त्याचे रूप कोणी ऐकलेले असणे शक्य नव्हते. उत्तर आले तर ते नियमातूनच येणार होते, आणि बहुतेक मुलांकडून ते आले. घरी खेळण्यातला बेडूक घ्या. त्याला उलटा करताना म्हणा, ‘बघ, बेडूक टुपतो. टुपतो, टुपतो... झालं! बेडूक...’ आणि थांबा. ती ‘टुपला’ म्हणाली, तर नियम तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तुमची मुलगी त्या मुलांहून लहान आहे, तेव्हा ती नुसती हसून बेडूक ओढून घेईल हेही तितकेच शक्य आहे. तसे झाल्यास खेळ तिथेच सोडून द्यावा. परीक्षेचा वास लागला की या वयाची मुले बोलणेच थांबवतात.

आता गोष्ट. तीन ठिकाणी मी तुमच्या वहीचा आधार घेतला आहे, बाकी रचना माझी आहे. मुलीचे नाव तुमच्या मुलीचे नसावे असे मला वाटते, म्हणून मी तिला सई म्हटले आहे. नाव तिचेच असेल तर ती आपल्याला कोणी पाहत होते काय याकडे लक्ष देईल; नाव दुसरे असेल तर गोष्टीकडे.

एक होती सई. सईच्या घराला होता सोपा आणि सोप्यावर बसायची आजी. आजीजवळ होती एक वाटी आणि वाटीत होती बकुळीची फुले. आजी त्यांना म्हणायची ओंवळां.

एके दिवशी पहिला पाऊस आला. कौलांवरून पागोळ्या गळू लागल्या. आईने पागोळीखाली बादली ठेवली. टप, टप, टप. बादली भरली. आजी आत दिवा लावायला गेली. दिवा लावून बाहेर आली, तर काय, वाटी नाही!

‘म्हजी वाटी खंय गेली?’ आजी म्हणाली.

आई आली. ‘वाऱ्याने पडली असेल.’ आईने बाकाखाली पाहिले. वाटी नाही.

बाबा आले. ‘मांजराने पाडली असेल.’ बाबांनी पायरीखाली पाहिले. वाटी नाही. मांजर म्हणाले, म्याव, मी नाही.

मग सई आली. सई म्हणाली, ‘वाटी पडली नाही. पडवली.’

‘कोणी पाडली?’ आईने विचारले.

‘मी पडवली.’

‘तू पाडलीस? कुठे पाडलीस?’

‘पाणीत.’

‘पाण्यात!’ बाबा म्हणाले, आणि सगळे बादलीकडे धावले. पाण्याच्या तळाशी होती वाटी. पाण्याच्या वर होती फुले. एक फूल इकडे, एक फूल तिकडे, गोल गोल फिरत होती.

‘फुलं पोहतात,’ सई म्हणाली.

आजी वाकली. तिने एक फूल उचलले आणि सईच्या केसांत घातले. ‘चेडवान खरें सांगलें,’ आजी म्हणाली. ‘हो,’ आई म्हणाली, ‘खरं सांगितलं.’

रात्र झाली. बाबा वही घेऊन बसले. ‘वाटी पडली म्हणजे कोणीच काही केलं नाही. वाटी पडवली म्हणजे सईने केलं. एवढंसं अक्षर घातलं आणि सईने सगळं सांगितलं.’

आई म्हणाली, ‘बाहुली बसते, सई बाहुलीला बसवते. बाळ हसतं, सई बाळाला हसवते. वाटी पडते, सई वाटी...’

‘पडवते,’ सई पांघरुणातून म्हणाली.

‘पाडते,’ आई म्हणाली आणि तिने सईला थोपटले.

मग आईने सईला निजवले. सईने बाहुलीला निजवले. बाहुलीने मांजराला निजवले. मांजराने शेपटीला निजवले. बादलीत, पाण्यावर, फुले निजली. पाऊस तेवढा जागा होता. टप. टप. टप.

या रचनेत मी काय जपले ते सांगते, म्हणजे तुम्हाला ती तुमच्या घराप्रमाणे बदलता येईल. सईचे शब्द सईच बोलते, बाबा ‘पडवली’ म्हणतात तेही तिच्या शब्दाचा अर्थ सांगण्यापुरतेच. निवेदन नेहमीच्या मराठीत आहे. सईने ‘पडवली’ म्हटल्यावर लगेच आईचे ‘पाडली’ येते, ‘पाणीत’नंतर बाबांचे ‘पाण्यात’ येते, पण ते दुरुस्ती म्हणून येत नाही, प्रश्न किंवा आश्चर्य म्हणून येते. घरी तुम्हीही हेच करावे. ती ‘मी पोळी करली’ म्हणाली की ‘केली म्हण’ असे न सांगता ‘अरे वा, केलीस पोळी? गोल केलीस की लांब केलीस?’ असे विचारावे. तिला उत्तर द्यायचे असते पोळीबद्दल, आणि पोळीबद्दल बोलता बोलता ‘केली’ दोनदा कानावर पडते. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी 1970 साली दाखवून दिले की आईवडील मुलांच्या बोलण्याला होकार किंवा नकार देतात तो बहुतांशी त्यातल्या खरेखोटेपणावरून, व्याकरणावरून नव्हे. घराघरांत असेच चालते आणि तरीही मुले व्याकरण शिकतात. म्हणून गोष्टीत आजी ‘खरें सांगलें’ म्हणते आणि शब्दाबद्दल काही बोलत नाही.

थेट दुरुस्तीचा अनुभव मी घरात घेतला आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याच्या ‘करली’वर मी त्याला ‘केली’ हा शब्द चार वेळा म्हणायला लावला. त्याने तो चारही वेळा स्पष्ट म्हटला आणि पाचव्या वाक्यात अभिमानाने सांगितले, ‘आई, मी केली म्हणायची करली!’ जीभ शब्द उच्चारत होती, पण नियम जिथे बसला होता तिथपर्यंत ती तालीम पोहोचलीच नव्हती.

बाबा आणि आई रात्री बोलतात तो भाग तुमच्यासाठी आहे असे वाटेल, पण तो मुलीसाठीच आहे. नियम समजावून सांगू नका; या वयात त्याचा उपयोग नाही. बसते–बसवते, हसते–हसवते या जोड्या मात्र झोक्यासारख्या म्हणा, आणि शेवटची निजवण्याची साखळी हवी तेवढी लांबवा. त्या साखळीत तिचा ‘व’ पुन्हा पुन्हा, योग्य जागी येतो. तिने घडवलेला नियम खरा आहे हे तिला तिथे ऐकू येते, आणि ‘पाडते’ हा एकच अपवाद त्याच्या शेजारी उभा राहतो. चार-पाच रात्रींनंतर ‘मांजराने शेपटीला...’ म्हणून थांबलात, तर ती जागा ती स्वतः भरेल.

आजीचे वाक्य कोंकणीतच राहू द्या. त्याच्या शेजारी आईचे ‘सांगितलं’ आले की कोण कसे बोलते हे मुलीला हळूहळू कळू लागते. दोन भाषांच्या घरातली मुले माणसानुसार भाषा वेगळ्या काढतात. त्यासाठी आजीने कोंकणी सोडण्याची गरज नाही आणि कृपा करून तसे त्यांना सांगूही नका. शक्य झाल्यास गोष्टीतले आजीचे बोलणे आजीकडूनच बोलवून घ्या. सासूबाईंची शंका माझ्या उत्तराने फिटणार नाही कदाचित, पण गोष्टीत स्वतःचे वाक्य म्हणताना फिटेल.

एका गोष्टीत दोन-तीनपेक्षा जास्त शब्द घेऊ नका. ‘करली’, ‘पंखी’, ‘पोंपोंवाला’ यांच्यासाठी वेगळ्या रात्री आहेत, आणि ‘पोंपोंवाला’ तर स्वतंत्र गोष्टीचा नायक होण्याजोगा आहे. तिचे उच्चाराचे दोष मात्र गोष्टीत घालू नका. ती ‘घर’ला ‘घल’ म्हणत असेल, तर तिथे तिने काही नियम शोधलेला नाही, ‘र’साठी जीभ अजून तयार व्हायची आहे एवढेच, तशी नक्कल केली की मुलांना ती चेष्टा वाटते आणि ते खरेही असते. मम्मम, भुर्र, जोजो हे शब्दही तिचे समजू नका. ते मोठ्यांनी मुलांसाठी केलेले आणि घराघरांत चालत आलेले शब्द आहेत. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 साली मराठीतल्या अशा बोबड्या शब्दांवर स्वतंत्र लेखच लिहिला होता. वहीत त्यांचे पान वेगळे ठेवले तर बरे. आणखी एक विनंती: पाहुणे आले की ‘तो शब्द म्हणून दाखव’ असे तिला कधीही सांगू नका. गोष्टीतल्या सईवर कोणी हसत नाही, म्हणून ती खरे सांगते.

तुम्ही लिहिलेल्या एकाही शब्दात मला काळजीचे कारण दिसत नाही. काळजी वेगळ्या खुणांची करायची असते: येत असलेले शब्द नाहीसे होत गेले, हाक मारल्यावर किंवा मागून आवाज झाल्यावर मूल वळून पाहत नसेल, दोन वर्षे उलटूनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा तीन वर्षांच्या सुमारास घराबाहेरच्या माणसाला त्याचे बहुतेक बोलणे कळत नसेल, तर थांबू नये. आधी कानांची तपासणी करून घ्यावी. ती बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या कान-नाक-घसा विभागात होते. कोंकणी आणि मराठी दोन्ही कानावर पडतात म्हणून उशीर होतो आहे, असे कोणी म्हटले तरी तपासणी टाळू नये.

शेवटी, ही गोष्ट किती दिवस चालेल ते तुमची मुलगी ठरवील. एखाद्या रात्री तुम्ही सईच्या तोंडचे ‘मी पडवली’ म्हणाल आणि ती तुम्हाला थांबवून म्हणेल, ‘पडवली नाही, पाडली!’ तेव्हा ‘तूच असं म्हणायचीस’ अशी आठवण करून देऊ नका. तिला ते पटणारही नाही. ‘हो, मी पाडली,’ असे सईला म्हणू द्या आणि पुढे चला. दुसऱ्या दिवशी बाबांनी वहीत त्या शब्दापुढे तारीख घालावी. त्यानंतरही अधूनमधून ‘पडवली’ ऐकू येईल, कधी रडताना, कधी घाईत. तेही लिहून ठेवावे. गोष्टीत मात्र त्या रात्रीपासून सई ‘पाडली’च म्हणेल, आणि बादलीतली फुले पूर्वीसारखीच फिरतील.